बिनतेलाचे खडे

आमचे हे प्लंबर आहेत. प्लंबर माणूस भोकात अडकला की लोकांना त्याची दया येत नाही, हसू येतं. मलाही आलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या जुन्या सातमजली इमारतीत पाइपांसाठी खालपासून वरपर्यंत एक उभी पोकळी आहे. तिला डक्ट म्हणतात. प्रत्येक मजल्यावर डक्टला एक लोखंडी दार आहे, आणि ते बसवणाऱ्याने आत माणूस नाही, मांजर जाणार असं धरलेलं दिसतं. ह्यांनी डोकं घातलं, खांदे तिरपे करून घातले, आणि पोटापाशी काम थांबलं. पुढे जाईनात, मागे येईनात. धाकटे भाऊजी, म्हणजे ह्यांचे भाऊ आणि धंद्यातले भागीदार, एक पाय धरून ओढत होते. दुसरा पाय इमारतीच्या मॅनेजरने धरला होता. मला आमच्या नळांच्या दुकानावर फोन आला. मी गिऱ्हाइकाला नळ न देताच तशीच धावत गेले, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि दाराच्या कडांना चोपडलं.

"आत काय दिसतंय?" मॅनेजरने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं असावं.

"तिसऱ्या मजल्याचा बेंड गळतोय," आतून आवाज आला. "लिहून ठेवा."

असा माणूस आहे. निम्मा भिंतीत आणि निम्मा लोकांच्या हातात, तरी कामाचं बोलणार.

बाहेर निघाल्यावर मॅनेजरने त्यांना पाणी दिलं आणि वर एक वाक्य दिलं. "उन्हाळ्यात सगळी लाइन बदलायची आहे. काम तुम्हालाच देणार. पण आत कोण जाणार ते आधी सांगा." हे बोलताना तो बघत होता भाऊजींकडे. भाऊजी इतके सडपातळ की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो.

"मीच जाणार," हे म्हणाले.

आता ह्यातलं दुखणं मला ठाऊक होतं. ती लाइन ह्यांनीच टाकलेली. बाविशीत, उस्तादाच्या हाताखाली. कुठे बेंड आहे, कुठे जोड आहे, कुठे उस्तादाने घाईत तिरपा तुकडा मारला, सगळं त्यांच्या डोक्यात. पंचवीस वर्षं हे आत आणि भाऊजी बाहेर पाने-पकडी देत उभे. आता उलटं व्हायचं म्हणजे ह्यांच्या मते निवृत्तीच होती. घरी आल्यावर मला म्हणाले, "बाहेर उभं राहून पाने द्यायचे असतील तर मी दुकानात बसून वॉशर विकेन." दुकानात बसून वॉशर मी विकते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मी लक्षात आणून दिलं नाही. पण विसरलेही नाही.

वजन कमी करायचं ठरलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. ह्यांचं वजन एकशे चार होतं आणि जिना चढताना त्यांचा श्वास माझ्याआधी वर पोचायचा. तक्रार होती ती पद्धतीबद्दल.

आमच्या दुकानात काउंटरवर पाइपाचा एक कापलेला तुकडा ठेवलेला आहे. एका खानावळीच्या सिंकखालून काढलेला. आत तेलातुपाचा पांढरा थर साचून साचून मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. सिंकमध्ये कढईतलं तेल ओतणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे तो तुकडा दाखवतात आणि तासभर ऐकवतात. त्या रात्री जेवणानंतर ह्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही पण लाइनच आहे."

"कसली लाइन?"

"अन्नाची. आयुष्यभर मी लोकांना सांगतो, पाइपात तेल टाकू नका. आणि स्वतः काय करतोय? उद्यापासून तेलाचा थेंब नको. तूप नको, लोणी नको, दाणे नकोत, साय नको. लाइन साफ झाली की वजन आपोआप उतरेल."

डॉक्टरला विचारू या, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाले, पाइपाचं काम डॉक्टरला काय कळतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात उकडलेल्या भाज्यांचं राज्य आलं. सकाळी काळा चहा. दुपारी काही नाही. संध्याकाळी उकडलेली भाजी, काकडी, कधी मसूर उकडून, आणि तेही वाटीभर. बस. ताटावर बसले की आधी वास घ्यायचे आणि विचारायचे, "तेल नाही ना घातलंस?" मी नाही म्हणायचे. मग भाजीचा तुकडा उजेडात धरून चकाकतोय का बघायचे. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्यावर इतका संशय कधी घेतला नव्हता, आणि घेतला तोही चमचाभर तेलासाठी.

वजन मात्र उतरलं. आठवड्याला दोन किलो, कधी अडीच. काट्यावर उभे राहिले की मला हाक मारायचे, भाऊजींना फोन करायचे. सिंक दुरुस्त करायला जातील तिथे वजनाची गोष्ट सांगायचे. बायका कौतुक करायच्या. इमारतीचा मॅनेजर, जो स्वतः चांगला गरगरीत आहे, त्याने तर रीतसर पद्धत विचारून घेतली आणि स्वतःही सुरू केली. ह्यांनी सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत एवढंच.

ह्याच काळात मीही दुकानापर्यंत चालत जायला लागले होते. भात निम्म्यावर आणला, चहातली साखर कमी केली, भाजीला नेहमीसारखं चमचाभर तेल माझ्यापुरतं घालत राहिले. आठवड्याला अर्धा किलो उतरत होतं. हे कोणाच्या ध्यानात आलं का? नाही. अर्ध्या किलोला टाळ्या पडत नाहीत.

ह्यांचे गाल बसले, केस कंगव्यात यायला लागले, चिडचिड इतकी वाढली की नळाला सुद्धा शिव्या द्यायचे. भाऊजी एकदा हळूच म्हणाले, "वहिनी, दादा बारीक होतोय की संपतोय?" मी म्हटलं, विचारून बघा त्यांनाच. भाऊजींनी विचारलं नाही. लहानपणापासून ते दादाला घाबरतात.

अडीच महिन्यांनी काटा ब्याऐंशीवर आला आणि लाइन बदलायचा पहिला दिवस उगवला. मुद्दाम दुकान बंद ठेवून मी बघायला गेले. मॅनेजरने खुशीत सगळ्यांसाठी नाश्ता मागवला होता. तळलेले बटाटे, लोण्यात परतलेली अंडी, साय घातलेला केक. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आज लाइन साफ आहे," म्हणाले. "आज एक दिवस चालतं." आणि अडीच महिन्यांचा उपास एका ताटात सोडला. मॅनेजरच्या वाटणीचे बटाटे सुद्धा ह्यांनीच खाल्ले, कारण मॅनेजर अजून पथ्यावर होता.

मग दारापाशी गेले. डोकं, खांदे, पोट, आणि बघता बघता पाय सुद्धा आत. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही सांगून टाकते. आतून पान्याचे ठोके ऐकू यायला लागले. हे पाइपावर ठोकून कान लावतात आणि कुठे काय साचलंय ते सांगतात. भाऊजी बाहेर पाने देत उभे. सगळं जिथल्या तिथे आलं होतं.

तासाभराने ठोके थांबले.

"दादा?" भाऊजींनी हाक मारली. मग आतून कण्हल्याचा आवाज आला.

"परत अडकले की काय?" मॅनेजर म्हणाला आणि सवयीने साबण शोधायला निघाला.

अडकले नव्हते. आत पाइपाला धरून घामाघूम होऊन बसले होते. उजव्या बरगडीखाली कोणीतरी पाइप पाना लावून पिळतंय असं म्हणत होते, आणि कळ मागे उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जात होती. ह्यावेळी त्यांना ओढायला माझी गरज लागली नाही, भाऊजी मांजरासारखे आत गेले आणि दादाला काखेत धरून बाहेर घेऊन आले. बाहेर आल्याबरोबर ह्यांनी केक ओकला. "गॅस आहे," म्हणाले. गॅसने माणूस असा पांढरा पडत नाही. मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात आधी हृदयाचा आलेख काढला. तो ठीक निघाला आणि माझ्या जिवात जीव आला. मग सर्जनबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी उजव्या बरगडीखाली दाबून ह्यांना श्वास घ्यायला सांगितलं. ह्यांचा श्वास मधेच अडला. कळ थांबायला इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे. एक-दोन नाहीत, मूठभर बारके खडे आणि तळाला गाळ.

"गाळ?" हे उठूनच बसले. हा शब्द त्यांच्या हद्दीतला होता. "पण मी तर अडीच महिने तेलाला शिवलो नाही."

"किती वजन उतरवलंत?"

"बावीस किलो," हे अभिमानाने म्हणाले. बाईंचा चेहरा बघून पुढचं हळू बोलले, "म्हणजे, साधारण."

दोन वर्षांपूर्वी ह्यांची दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली होती. मी ह्यांचं एकवेळचं पथ्य सांगितलं आणि तो रिपोर्ट फोनवर दाखवला. तेव्हा पित्ताशय स्वच्छ होतं. बाईंनी तो बघितला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"वजन जास्त असलं तरी खडे होतात, म्हणून शंभर टक्के छातीठोक नाही सांगत. पण तुमच्या बाबतीत घाईवर माझा संशय आहे. हे बघा, पित्त यकृतात तयार होतं आणि एका छोट्या पिशवीत साठतं. तुम्ही काही स्निग्ध खाल्लं की शरीर पिशवीला निरोप देतं, ती आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. तुम्ही तेल बंद केलंत, दिवसाचं जेवण एकावर आणलंत. पिशवीला निरोपच जाईना. पित्त तिथल्या तिथे पडून राहिलं."

हे हळूहळू म्हणाले, "फ्लशची टाकी भरलेली, पण चेन कोणी ओढतच नाही."

"अगदी तसंच. आणि दुसरीकडे अंगावरची चरबी झपाट्याने वितळत होती. त्यातलं जादा कोलेस्टेरॉल यकृत पित्तात टाकत होतं."

"म्हणजे वरून येणारं पाणी पण जड." ह्यांनी डोळे मिटले. "जड पाणी, आणि फ्लश नाही. तळाला क्षार बसणारच. अडीच महिने. बसणारच." मग डोळे उघडून म्हणाले, "आणि आज मी एकदम जोरात चेन ओढली."

"तळलेले बटाटे आणि लोण्यातली अंडी," मी म्हटलं. "आणि मॅनेजरचे बटाटे."

"पिशवी जोरात आकसली, खडा तोंडाशी येऊन अडकला," बाई म्हणाल्या. "सुदैवाने तो मागे सरकलेला दिसतोय. ताप नाही, कावीळ नाही. पण एकदा कळ आली की पुन्हा यायची शक्यता बरीच असते. तेव्हा पिशवी काढून टाकणं बरं."

ह्यांना ऑपरेशनची भीती वाटली नाही. अपमान वाटला. माणसाने जन्मभर लोकांचा गाळ काढावा आणि स्वतःच्या पोटात कारखाना चालवावा, हे त्यांना सहन होईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला राग आला होता, खूप आला होता. डक्टमध्ये कण्हल्याचा तो आवाज आला तेव्हा मी विधवा झाले असं मला क्षणभर वाटलं होतं. पण माणूस असा भिंतीकडे तोंड करून पडला की भांडता येत नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले.

ऑपरेशन झालं. पोटावर चार छोटी भोकं, त्यांवर पट्ट्या. दुसऱ्या दिवशी सर्जनबाई तपासायला आल्या, तेव्हा ह्यांनी पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

"एवढ्या भोकातून तुम्ही आत कशा गेलात?"

"मी कशाला आत जाते? कॅमेरा आत, लांब दांड्याची हत्यारं आत. कॅमेरा माझा सहायक धरतो. मी बाहेर उभी राहून पडद्यावर बघते."

"आणि ऑपरेशन कोणी केलं म्हणायचं?"

"मीच केलं," बाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नाही.

मला कळला होता.

घरी सोडताना बाईंनी एका छोट्या बाटलीत खडे घालून दिले आणि खाण्याचं सांगितलं. काही आठवडे जड उचलायचं नाही. तेल थोड्या थोड्या प्रमाणात सुरू करायचं. वजन अजून कमी करायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. तीन वेळा जेवायचं, आणि दिवसाला तीन-चार छोटे चमचे तेल सगळ्या जेवणांत वाटून.

"पण आता पिशवीच नाही," ह्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "म्हणजे आता बिनतेलाचं चाललं तरी..."

"पिशवी काढली आहे, अक्कल काढलेली नाही," बाई म्हणाल्या. "शरीराला तेल लागतंच. काही जीवनसत्त्वं त्याच्याशिवाय अंगाला लागत नाहीत. आणि उपाशी राहून चरबीबरोबर मांस पण झडतं. पान्यावर जोर कशाने लावणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पण बारीक झाल्यासारख्या वाटता. म्हणजे कपडे सैल दिसताहेत."

"पाच किलो," मी म्हटलं. "अडीच महिन्यांत. चालून, भात कमी करून. तेल बंद न करता."

"ह्यांना तेच शिकवा," बाई म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. अडीच महिने एकाच घरात राहून त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मला सांगायचं नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही भाजी उजेडात धरून बघत होतात. बायकोला कधी बघायचं?" त्यावर ह्यांना हसू आलं आणि टाके दुखले. चांगलं झालं.

आता गंमत बघा. ब्याऐंशी किलोचा माणूस डक्टच्या दारात आरामात मावत होता, पण आत जायची परवानगी नव्हती. काम थांबवता येत नव्हतं. म्हणून भाऊजी आत आणि हे बाहेर स्टुलावर, मांडीवर उशी घेऊन. पहिले दोन दिवस तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. तिसऱ्या दिवशी भाऊजी आतून म्हणाले, "दादा, पुढे काही कळत नाही. जोड दिसतच नाही." ह्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या डोळे मिटले. "हातभर वर जा. डावीकडे. तिरपा तुकडा लागेल, तो उस्तादाचा. त्याला शिव्या घाल आणि त्याच्या वरून काप." आतून थोडा वेळ खडखडाट, मग भाऊजींचा आवाज, "मिळाला."

हे मला म्हणाले, "सर्जनबाई पण बाहेरच उभ्या होत्या." एवढंच. पण चौथ्या दिवसापासून स्टूल त्यांनी स्वतः उचलून नेलं. म्हणजे उचलायला गेले, मी ओरडले तेव्हा सरकवत नेलं.

मॅनेजरला त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं होतं. "ते पथ्य बंद करा. आजच. आणि डॉक्टरांना भेटा, इतकं भरभर उतरवायचंच असलं तर त्यांच्या देखरेखीत. ते लागलं तर औषध देतात." मॅनेजर म्हणाला, पण मला काही दुखत नाही. ह्यांनी खिशातून बाटली काढून त्याच्यासमोर हलवली. खडे खुळखुळले. त्या दुपारी मॅनेजरने तेल घातलेली भाजी खाल्ली, आणि माझ्या कानावर आलं त्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडेही गेला.

ती बाटली आता दुकानात काउंटरवर असते, त्या बुजलेल्या पाइपाच्या शेजारी. गिऱ्हाईक विचारतं हे काय, की हे सुरू होतात. "हा पाइप तेलाने बुजला. हे खडे बिनतेलाने झाले. सिंक आणि पोट ह्यांत फरक आहे, हे समजायला मला एक अवयव द्यावा लागला." तेवढ्यात मी नळ विकून टाकते.

लाइनचा शेवटचा मजला होईपर्यंत बाईंनी सगळी परवानगी दिली होती. मधे वजन चार किलो वाढलं होतं, ते आमच्या दोघांच्या चालण्याने अर्धा अर्धा किलो करत पुन्हा उतरत होतं. त्या दिवशी फक्त एक जुना बेंड काढायचा राहिला होता, ह्यांनी बाविशीत स्वतःच्या हाताने बसवलेला पहिला. भाऊजी दारातून बाजूला झाले आणि पान्याची मूठ पुढे केली. "दादा, हा तुझा. जा."

हे आत गेले. डोकं, खांदे, पोट, पाय. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मी भाऊजींचा हात धरला, मागची आठवण होती. मग एकच ठोका वाजला, हलका. मग पाय दिसले, पोट दिसलं, आणि हे बाहेर आले. हाताला गंज लागलेला. डोळे ओले होते, धुळीने असतील असं मी म्हणणार नाही.

"बघून आलो," म्हणाले. पाना भाऊजींच्या हातात परत दिला. "चांगला बसवला होता रे. आता तू काढ. मी इथून सांगतो."

भाऊजी आत गेले. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना, म्हणून मी डबा उघडला. हे स्टुलावर बसले, डबा मांडीवर घेतला, भाजीचा तुकडा उचलून सवयीने उजेडात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"तेल घातलंस ना?"